टेकडी तेवढीच राहते, गाडी खिंडीतून जाते

मॅडम, मी अकरावी सायन्सला आहे. सरांनी सांगितलं की उत्प्रेरक अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी कमी करतो, म्हणजे गाडी ज्या टेकडीवरून ढकलायची ती टेकडी बुटकी होते. पण टेकडी बुटकी झाली तर पलीकडचा उतारही कमी होणार. मग अभिक्रियेतून उष्णता कमी बाहेर पडायला हवी ना? आणि चढ सोपा झाला तर माल जास्त तयार व्हायला हवा, पण पुस्तकात लिहिलंय की उत्प्रेरकामुळे समतोल बदलत नाही. दोन्ही वाक्यं पाठ आहेत, पण पटत नाहीत.
— एक विद्यार्थिनी, सांगोला

तुझ्या दोन्ही शंका एकाच ठिकाणाहून निघाल्या आहेत आणि त्या रास्त आहेत. सरांचं गाडीचं उदाहरण उत्तम आहे, ते सोडू नकोस. फक्त एक दुरुस्ती कर. टेकडी बुटकी होत नाही, ती होती तेवढीच उंच राहते. उत्प्रेरक शेजारची खिंड दाखवतो. गाडी निघते त्याच गावातून आणि पोचते त्याच गावात, मधली वाट तेवढी बदलते. आता हे आकडे घालून बघू, कारण आकड्यांशिवाय हे पटत नाही असा माझा वर्गातला अनुभव आहे.

अभिक्रिया घेऊ हायड्रोजन पेरॉक्साइडची. जखम धुवायला औषधाच्या दुकानात मिळतं तेच. त्याचे रेणू फुटून पाणी आणि ऑक्सिजन तयार होतो:

2H₂O₂ → 2H₂O + O₂

एक मोल पेरॉक्साइड फुटलं की सुमारे ९८ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे ही उताराकडे जाणारी अभिक्रिया आहे. तरीही बाटली कपाटात महिनोन्‌महिने तशीच राहते, कारण मध्ये टेकडी आहे. उत्प्रेरक नसताना ही टेकडी साधारण ७५ किलोज्यूल प्रति मोल एवढी धरतात. पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड टाकलं तर ५६च्या आसपासची खिंड मिळते. पुस्तकागणिक या आकड्यांत दोन-चारचा फरक दिसेल, त्याने आपल्या मुद्द्याला बाधा येत नाही.

एक किलोज्यूल म्हणजे एक फूट असं समज. पोत्यांनी भरलेली हातगाडी ज्या गावात उभी आहे ते गाव पलीकडच्या गावापेक्षा ९८ फूट उंचावर आहे. पलीकडच्या गावाची उंची शून्य धर. दोन्ही गावांच्या मध्ये टेकडी आहे आणि आपल्या गावापासून तिचा माथा ७५ फूट वर, म्हणजे पलीकडच्या गावापासून १७३ फूट वर. गाडी माथ्यावरून नेली तर आधी ७५ फूट चढ लागतो आणि मग १७३ फूट उतार. उतारातून चढ वजा केला की उरतात ९८.

आता खिंडीतून जा. खिंडीचा सगळ्यात उंच भाग आपल्या गावापासून ५६ फुटांवर आहे, म्हणजे पलीकडून १५४. चढ ५६, उतार १५४, वजाबाकी पुन्हा ९८. तू म्हणालीस तसा उतार खरंच कमी झाला, एकोणीस फुटांनी. पण चढही नेमका तेवढाच कमी झाला. चढताना घातलेली ऊर्जा उतरताना परत मिळते, ती कुठे जात नाही. म्हणून बाहेर पडणारी उष्णता ठरते ती फक्त दोन गावांच्या उंचीतल्या फरकावर. मधल्या रस्त्याशी तिचा संबंध नाही. प्रयोगशाळेत आयोडाइड टाकल्यावर भांडं हाताला गरम लागतं, तेव्हा मुलांना वाटतं की उत्प्रेरकाने जास्त उष्णता काढली. तसं नसतं. एरवी महिनोन्‌महिने थोडी थोडी निघून हवेत विरून जाणारी तीच उष्णता काही मिनिटांत बाहेर आली, म्हणून ती जाणवली.

पहिली शंका इथे सुटते. दुसरीकडे जाण्याआधी खिंडीत प्रत्यक्ष काय घडतं ते बघू, कारण 'उत्प्रेरक भाग घेत नाही' असं चुकीचं वाक्य बरीच मुलं उत्तरपत्रिकेत लिहितात. उत्प्रेरक भाग घेतो, आणि चांगलाच घेतो. शेवटी तो होता तसा परत मिळतो, एवढंच.

पेरॉक्साइडच्या रेणूत दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना जोडलेले असतात. ते सुटे व्हायला हवेत. आयोडाइड आयन पेरॉक्साइडवर आदळतो आणि त्यातला एक ऑक्सिजन स्वतःकडे ओढून घेतो:

H₂O₂ + I⁻ → H₂O + OI⁻

ऑक्सिजन घेऊन बसलेला हा OI⁻ पुढच्या पेरॉक्साइड रेणूला भेटतो:

H₂O₂ + OI⁻ → H₂O + O₂ + I⁻

दोन्ही समीकरणांची बेरीज करून बघ. I⁻ डावीकडेही आहे आणि उजवीकडेही. OI⁻ एका ओळीत तयार होतो आणि दुसरीत संपतो. दोघेही कटतात आणि उरतं ते आपलं मूळचंच समीकरण. म्हणजे खिंडीच्या वाटेवर एकाऐवजी दोन छोटे चढ आहेत आणि त्यांच्यामध्ये एक सखल जागा आहे, जिथे OI⁻ क्षणभर असतो. अशा मधल्या पदार्थाला इंटरमिजिएट म्हणतात. दोन चढांपैकी पहिला अवघड आणि सावकाश, दुसरा पटकन पार होणारा. आपण धरलेले ५६ फूट हे त्या पहिल्या चढाचे.

हे कागदावरचं नाही, तपासता येतं. पेरॉक्साइड तेवढंच ठेवून आयोडाइड दुप्पट केलं तर ऑक्सिजन निघण्याचा वेगही दुप्पट होतो. आयोडाइड नुसतं बाजूला उभं राहून बघत असतं तर त्याच्या प्रमाणाने वेगात फरक पडला नसता. आणखी एक खूण डोळ्यांना दिसते. आयोडाइड घातल्यावर द्रावण हळूहळू पिवळसर होतं. थोड्या आयोडाइडचं आयोडीन होतं, त्याचा तो रंग. ती बाजूची वेगळी अभिक्रिया आहे आणि 'उत्प्रेरक जसाच्या तसा परत मिळतो' हे वाक्य प्रत्यक्षात थोडं सैलच धरावं लागतं. खऱ्या कारखान्यातही उत्प्रेरक कालांतराने निकामी होतात आणि बदलावे लागतात.

आता गाडीच्या उदाहरणात जिथे मुलं हमखास अडखळतात ती जागा. गाडी ढकलतो कोण? परीक्षेत 'उत्प्रेरक रेणूंना ऊर्जा देतो' असं लिहिणाऱ्यांनी मनातल्या मनात उत्प्रेरकालाच ढकलायला उभं केलेलं असतं. ढकलणारा तो नाही. रेणू सतत एकमेकांवर आदळत असतात आणि त्या धक्क्यांतून कुणाला जास्त ऊर्जा मिळते, कुणाला कमी. म्हणजे आपल्या गावात एक गाडी नाही, अगणित गाड्या आहेत आणि प्रत्येकीला सारखे लहानमोठे धक्के बसत आहेत. बहुतेक धक्के जेमतेम दोन-चार फूट वर नेतात आणि गाडी घरंगळत परत येते. क्वचित एखादीला एवढा जोराचा धक्का बसतो की ती पार होते.

किती क्वचित, तेही बघू. खोलीच्या तापमानाला, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला, रेणूच्या वाट्याला येणाऱ्या धक्क्याचं माप म्हणून RT घेतात. ते मोलमागे अडीच किलोज्यूलच्या जरासं खाली येतं. गाडीच्या भाषेत अडीच फूट, आणि टेकडी ७५ फूट. अर्हेनियसच्या सूत्रात e^(−Ea/RT) हा जो भाग येतो, तो ढोबळमानाने सांगतो की किती धक्के पुरेसे जोरदार असतात. ७५ घालून उत्तर काढलं तर शंभर लाख कोटी धक्क्यांमागे फक्त सातेक येतात. ५६ घातलं की तेवढ्याच धक्क्यांमागे सुमारे पंधरा हजार. चढ जेमतेम चौथ्या हिश्शाने घटला होता, एकोणीस फूटच कमी झाला होता, आणि पार होणाऱ्या गाड्या दोन हजार पटींनी वाढल्या. अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी घातांकात बसलेली आहे, म्हणून उंचीतला थोडासा फरक वेगात एवढा मोठा होऊन दिसतो. (सूत्रातला A हा गुणक दोन्ही वाटांना सारखा धरून हा हिशेब केला आहे. प्रत्यक्षात वाट बदलली की तोही बदलतो, त्यामुळे दोन हजार हा आकडा अंदाजाचा समज.)

तापमान वाढवणं आणि उत्प्रेरक घालणं यातला फरकही इथेच स्पष्ट होतो. तापवल्याने चढ तेवढाच राहतो, धक्के जोराचे होतात. उत्प्रेरकाने धक्के तेवढेच राहतात, वाट सखल होते. आयोडाइडने दिलेला दोन हजार पट वेग नुसतं तापवून मिळवायचा तर याच हिशेबाने पेरॉक्साइड सुमारे १२५ अंशांपर्यंत न्यावं लागेल. आयोडाइड तेच काम टेबलावर, खोलीच्या तापमानाला करतं.

आता तुझी दुसरी शंका, माल जास्त का तयार होत नाही. आतापर्यंत आपण गाड्या एकाच दिशेला जाताना पाहिल्या. पण खिंड दोन्ही गावांसाठी खुली असते. पलीकडच्या गावातल्या गाड्यांनाही धक्के बसतातच. त्यांना परत यायला टेकडीवरून १७३ फूट चढावं लागत होतं, आता खिंडीतून १५४. त्यांचाही चढ एकोणीस फुटांनीच घटला. म्हणजे जाणाऱ्यांचा वेग जितक्या पटीने वाढला, नेमका तितक्याच पटीने येणाऱ्यांचाही वाढला. समतोल म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांची संख्या सारखी होणं. दोन्ही बाजूंना एकाच आकड्याने गुणलं तर कुठल्या गावात किती गाड्या उरतात हे बदलत नाही. ती वाटणी होण्याची वेळ लवकर येते, इतकंच.

पेरॉक्साइडच्या बाबतीत १५४ फूट चढून परत येणं इतकं दुर्मिळ की परतीची वाहतूक धरायलाही नको. तिथे जवळपास सगळा माल पलीकडे जातोच, उत्प्रेरक असो वा नसो. समतोलाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो अमोनियासारख्या अभिक्रियेत, आणि तुझ्या पुस्तकातही बहुधा तेच उदाहरण असेल:

N₂ + 3H₂ ⇌ 2NH₃

अलिबागजवळ थळला खताचा मोठा कारखाना आहे, तिथे अमोनिया तयार होतो तो याच अभिक्रियेने. नायट्रोजनच्या दोन अणूंमध्ये तिहेरी बंध असतो. तो तोडायला मोलमागे ९४५ किलोज्यूल लागतात, म्हणून हवेतला नायट्रोजन एरवी कशाशी फारशी अभिक्रिया करत नाही. लोखंडाच्या पृष्ठभागावर नायट्रोजनचे अणू आधी लोखंडाला चिकटतात, त्यांच्यातला बंध सैल होतो आणि तिथल्या तिथे हायड्रोजन एकेक करून जोडला जातो. ही लोखंडाची खिंड.

लोखंड असतानाही भट्टीतून एका फेरीत साधारण १५ ते २० टक्केच वायूंचा अमोनिया होऊन बाहेर येतो. लोखंड दुप्पट भरलं तरी समतोलाने आखलेल्या मर्यादेपलीकडे तो जात नाही. मग कारखान्यात काय करतात? बाहेर आलेलं मिश्रण थंड करतात, अमोनियाचा द्रव होऊन तो वेगळा काढतात आणि उरलेला नायट्रोजन-हायड्रोजन पुन्हा भट्टीत सोडतात. पलीकडच्या गावातल्या गाड्या लगेच हलवल्या की परत यायला तिथे कोणी उरतच नाही. उत्पादन वाढतं ते यामुळे, आणि भट्टीतला दाब दोनशे वातावरणांच्या घरात ठेवल्यामुळे.

इथे एक बारकी गोष्ट आहे, ती तू लक्षात घ्यावीस असं मला मनापासून वाटतं. उत्प्रेरक समतोल हलवत नाही हे खरं असलं, तरी कारखान्याला जास्त अमोनिया मिळतो त्यात त्याचा आडून मोठा हात असतो. ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते. तापमान वाढवलं की ला शातेलिएच्या तत्त्वाप्रमाणे समतोल मागे सरकतो आणि अमोनिया घटतो. म्हणजे मालासाठी थंड भट्टी बरी. पण भट्टी थंड ठेवली तर गाड्या टेकडी पार करत नाहीत. लोखंड नसतं तर वेग मिळवण्यासाठी भट्टी इतकी तापवावी लागली असती की समतोलात अमोनिया जवळपास उरलाच नसता. लोखंडामुळे ४०० ते ५०० अंशांवर भागतं. ठरलेल्या तापमानाला समतोल कुठे असेल हे उत्प्रेरक ठरवत नाही, पण कमी तापमानाला काम करण्याची सोय तो करून देतो, आणि त्या कमी तापमानाला समतोल आपल्या बाजूचा असतो. परीक्षेत 'उत्प्रेरकामुळे अमोनियाचं उत्पादन वाढतं का?' असं विचारलं तर या दोन्ही गोष्टी लिही.

आलेख काढायला सांगितला तर दोन्ही वक्र एकाच उंचीवरून सुरू कर आणि एकाच उंचीवर संपव. पुष्कळ मुलं उत्प्रेरकाचा वक्र थोडा खालून सुरू करतात, आणि तिथेच मार्क जातात, कारण मग ΔH बदलल्यासारखा दिसतो. Ea चा बाण अभिक्रियाकारकांच्या रेषेपासून माथ्यापर्यंत काढायचा, आडव्या अक्षापासून नाही. ७५ फूट हे आपल्या गावापासून मोजले होते, शून्यापासून नाही. ΔH चा बाण दोन्ही वक्रांना मिळून एकच असतो. आयोडाइडचा वक्र काढताना दोन उंचवटे आणि मध्ये खळगा दाखवलास तर फारच छान. त्यात पहिला उंचवटा दुसऱ्यापेक्षा उंच हवा.

हे घरी बघायचं असेल तर आयोडाइड शोधत बसू नकोस, बटाटा पुरेल. बटाट्यात कॅटॅलेज नावाचं विकर म्हणजे एन्झाइम असतं आणि पेरॉक्साइडसाठी त्याची खिंड आयोडाइडपेक्षाही बरीच सखल आहे. औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच पाणी घाल. डोळ्यांपासून आणि कपड्यांपासून लांब ठेव. दोन काचेच्या ग्लासांत चार-चार चमचे ओत. एकात कच्च्या बटाट्याच्या फोडी टाक, दुसऱ्यात तेवढ्याच पण चांगल्या उकडून गार केलेल्या. कच्च्या फोडींवर लगेच बारीक बुडबुडे धरतील आणि मिनिटभरात वर फेस जमेल. विझवलेली पण टोकाशी लाल असलेली उदबत्ती फेसाजवळ धरलीस तर ती जास्त तेजाने फुलेल, कारण वर येतोय तो ऑक्सिजन आहे. उकडलेल्या फोडींच्या ग्लासात जवळजवळ काहीच होणार नाही. उकडताना कॅटॅलेजच्या रेणूची घडी मोडते आणि त्याच्याबरोबर खिंडही बुजते. टेकडी मात्र दोन्ही ग्लासांत होती तेवढीच आहे.

झाल्यावर दोन्ही ग्लासांतलं उरलेलं पेरॉक्साइड मोरीत ओतून दे, बाटलीत परत ओतू नकोस. बटाट्याचा रस त्यात थेंबभर जरी गेला तरी त्यातलं विकर काम करून संपत नाही, एका रेणूनंतर दुसऱ्याला लागतं. बंद बाटलीत ऑक्सिजन साठत जातो आणि दाबाने बूच उडू शकतं किंवा बाटली फुटू शकते.